‘नव्वद टक्के झालंय’ असं लिहिण्याआधी

आठ रुग्णालयांच्या एका समूहाला बिलांच्या आणि रुग्णांच्या जुन्या नोंदी नव्या संगणक यंत्रणेत आणायच्या आहेत. प्रकल्प बारा महिन्यांचा, अंदाजपत्रक ४ कोटी रुपयांचं. आठ महिने संपले आहेत. सगळ्या नोंदी हलवून त्यांची पडताळणी झाली की कंत्राटदार कंपनीला ६० लाखांचा हप्ता मिळणार आहे, आणि तिमाही संपत आली आहे. विभागप्रमुख प्रोजेक्ट मॅनेजरला बोलावून सांगतात, “अहवालात हे काम नव्वद टक्के दाखव आणि रंग हिरवा ठेव. बिलाचं मी बघतो.” उरलेलं काम उरकायला बाहेरून पडताळणीची टीम घ्यावी लागणार आहे, आणि तिच्यासाठी आलेलं सर्वांत स्वस्त कोटेशन मॅनेजरच्या मेहुण्याच्या फर्मचं आहे. मॅनेजरने आधी काय करावं?

पुण्यात नोकरदार मंडळींकडून पीएमपी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका प्रशिक्षिका हा प्रश्न दर तुकडीपुढे ठेवतात. स्वतः त्यांनी बरीच वर्षं प्रकल्प सांभाळले. प्रश्न त्यांनी रचलेला असला तरी त्यातला विभागप्रमुख त्यांना नोकरीत भेटलेला आहे. वर्गातून उत्तर पटकन येतं: खोटं लिहायचं नाही, मेहुण्याला काम द्यायचं नाही. त्यावर मॅडमचं म्हणणं असतं, “मला कोणी ‘खोटं लिही’ असं कधीच म्हटलं नाही. म्हणायचे, ‘जरा पॉझिटिव्ह ठेव’. किंवा, ‘शुक्रवारपर्यंत होणारच आहे, मग आज झालं म्हणायला काय हरकत आहे?’ नकार द्यायला समोर खोटं तर दिसायला हवं!”

ते दिसावं म्हणून त्या फळ्यावर हिशेब मांडतात.

नोंदी हलवण्याच्या कामासाठी अंदाजपत्रकात ८० लाख धरले आहेत. आठपैकी पाच रुग्णालयांच्या नोंदी हलल्या आहेत, पण जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहून रुग्णालयाने सही दिली आहे ती फक्त तीन ठिकाणी. उरलेल्या तीन रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहून तयार आहेत, चालवलेले नाहीत. टीमला विचारलं तर ती मनापासून नव्वद टक्के सांगते, कारण तिच्या दृष्टीने डोकं लावायचं काम संपलं आहे. नव्वद टक्के धरले तर ८० पैकी ७२ लाखांचं काम झालं. सही झालेलं तेवढंच मोजलं तर आठपैकी तीन, म्हणजे ३० लाखांचं.

फरक ४२ लाखांचा. ४ कोटींच्या प्रकल्पात तो किरकोळ वाटतो, पण अहवालाचा रंग त्याच्यावरच ठरतो. आठव्या महिन्याअखेर २ कोटी ६० लाखांचं काम व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्ष खर्च झाला आहे अडीच कोटी. सही झालेलं काम धरून प्रकल्पाची एकूण कमाई, म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू, २ कोटी येते. तिला नियोजित कामाने भागलं की वेळापत्रकाचा निर्देशांक ०.७७ येतो, खर्चाने भागलं की खर्चाचा निर्देशांक ०.८०. हाच वेग राहिला तर ४ कोटींचं काम ५ कोटींवर जाईल. आता तेच ४२ लाख कमाईत मिळवा. निर्देशांक ०.९३ आणि ०.९७ होतात आणि अंतिम खर्च ४ कोटी १३ लाखांवर थांबतो. या प्रकल्पात ०.९० च्या वर सगळं हिरवं धरायचं ठरलं आहे. एका ओळीतला एक टक्का-आकडा बदलला आणि जवळजवळ एक कोटीची तूट कागदावरून गेली. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल अशा अहवालाला या व्यवसायात कलिंगड म्हणतात.

म्हणून मॅडमचा पहिला सल्ला ‘झालं’ कशाला म्हणायचं याबद्दलचा आहे. ही व्याख्या प्रकल्प सुरू होतानाच लिहून ठेवायची. लहान कामांना शून्य किंवा शंभर हाच नियम लावायचा: सही झाली तर पूर्ण मोल, नाही तर काहीच नाही. काम मोठं असेल तर सही मिळू शकेल असे त्याचे तुकडे पाडायचे, इथे रुग्णालयागणिक एक. या नियमालाही मर्यादा आहे. तुकडे मोठे ठेवले तर प्रामाणिक टीमही महिनोन् महिने शून्यावर दिसते आणि वरची मंडळी विनाकारण घाबरतात. पण एकदा नियम ठरला की नव्वदचा आग्रह धरणाऱ्याला आधी नियम बदलून मागावा लागतो, आणि तो त्याला गुपचूप बदलता येत नाही. कलिंगड ओळखायची एक साधी खूणही त्या सांगतात. मागचे तीन-चार अहवाल शेजारी ठेवायचे. एखादं काम दर वेळी ८५, ९०, ९० असंच दिसत असेल आणि पैसे मात्र खर्च होत असतील, तर तिथे जाऊन सहीचा कागद मागायचा.

अर्धवट सत्याची किंमत सांगताना त्या अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याचं उदाहरण देतात. तिथे स्काना या वीज कंपनीच्या व्ही. सी. समर प्रकल्पात दोन अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. केंद्र सरकारची मोठी करसवलत मिळवायची तर २०२० संपेपर्यंत त्या चालू होणं गरजेचं होतं, आणि खर्च ग्राहकांच्या वीजबिलांतून आधीच वसूल होत होता. २०१५ मध्ये बेक्टेल या अभियांत्रिकी कंपनीला कामाची तपासणी करायला सांगितलं गेलं. भट्ट्या ठरल्या तारखांना पूर्ण होणार नाहीत असा तिचा निष्कर्ष होता. मात्र फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम अहवालात वेळापत्रकाचा तो भाग नव्हता, आणि कंपनीचे अधिकारी बाहेर प्रगतीचंच चित्र रंगवत राहिले. साधारण ९ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर ३१ जुलै २०१७ रोजी प्रकल्प सोडून देण्यात आला. स्कानाचे तेव्हाचे प्रमुख केविन मार्श यांनी पुढे फसवणुकीच्या कटाचा गुन्हा कबूल केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना दोन वर्षांची कैद झाली.

वगळलेल्या भागाबद्दल पीएमपी परीक्षा घेणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची आचारसंहिता स्पष्ट आहे. अर्धसत्य सांगणं, संदर्भ तोडून माहिती देणं आणि जी कळली असती तर विधान दिशाभूल करणारं ठरलं असतं अशी माहिती दडवणं, हे सगळं तिच्या लेखी फसवणुकीतच मोडतं.

आता मेहुणा. इथे वर्गात हमखास वाद होतो. कोटेशन सर्वांत स्वस्त आहे, फर्म चांगली आहे, मग कंपनीचा फायदा का घालवायचा? मॅडम दराच्या वादात पडतच नाहीत. पडताळणीची फर्म नेमकी कोणत्या कामावर सही करणार आहे, एवढंच त्या विचारतात. ६० लाखांचा हप्ता ज्या सहीवर अडलेला आहे, तिच्याआधीचा दाखला मेहुणा देणार आणि तो मॅनेजर स्वीकारणार. दर कितीही कमी असला तरी तो दाखला निर्मळ आहे हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

पुरवठादार घरचाच असला की तपासणी कशी सैल पडते, हे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेत दिसलं. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेत हलवली. ती उभारणारी साबिस ही कंपनी टीएसबीच्याच मालकाची, स्पेनच्या सबादेल समूहाची होती. यंत्रणा चालू झाली आणि ग्राहकांना स्वतःचीच खाती उघडेनात. कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झालाच, शिवाय एप्रिल २०२३ मध्ये तिचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान प्रमुख कार्लोस अबार्का यांनाही व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. खोटं बोलल्याचा ठपका त्यांच्यावर नव्हता. साबिसने ‘आम्ही तयार आहोत’ असं लिहून दिलं होतं. तिच्या हाताखालच्या पुरवठादारांची तयारी कशावरून, याची पुरेशी खातरजमा त्यांनी केली नाही, हा दोष होता.

आचारसंहितेचा मार्ग असा आहे: हितसंबंध आहे, किंवा तसा दिसू शकतो, हे लक्षात येताच ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना पूर्ण सांगायचं आणि निर्णयातून बाजूला व्हायचं. त्यांनी सगळं जाणून उपाययोजना मंजूर केली आणि संमती दिली, तरच पुन्हा त्यात पडायचं. मॅडम यात दोन गोष्टी घालतात. कोटेशन मागवतानाच लेखी कळवावं. उघडल्यावर कळवलं तर ते दर पाहून कळवल्यासारखं होतं. आणि बाजूला होणं निवडीपुरतं नसावं. काम स्वीकारणं, मुदतवाढ देणं, बिल मंजूर करणं या सगळ्यांतून दूर राहावं लागतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

मग विभागप्रमुखांचं काय? परीक्षेत चार पर्याय असतात: हिरवा अहवाल पाठवा, थेट ग्राहकाला कळवा, राजीनामा द्या, किंवा आकडे तपासून विभागप्रमुखांशी बोला आणि खरा अहवाल पाठवा. उत्तर चौथं. मॅडमच्या मते त्यातला ‘बोला’ हा भाग सर्वांत अवघड, म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नये. सोबत दोन पर्याय न्यावेत: हप्त्याचे रुग्णालयागणिक भाग पाडून झालेल्या तिघांचं बिल लावण्याची विनंती, किंवा नवी तारीख आणि तिला लागणारा खर्च. बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींची ईमेल: काय ठरलं, कोणता आकडा जाणार, तो कशावर आधारलेला आहे. तरीही आकडा बदलला गेला तर प्रकल्पाचे प्रायोजक, त्यानंतर कंपनीचा नीतिविभाग. सूचिबद्ध कंपन्यांना अशा तक्रारींसाठी यंत्रणा ठेवणं कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ ने बंधनकारक केलं आहे, आणि योग्य प्रकरणांत लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. ग्राहकाला परस्पर कळवलं तर गोपनीयतेच्या कराराचा प्रश्न येतो, म्हणून ती पायरी पहिली नाही.

मॅडमच्या स्वतःच्या प्रकरणात खरा अहवाल गेला. त्या तिमाहीत हप्ता आला नाही, आणि त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात ‘व्यावसायिक दृष्टी कमी’ असा शेरा पडला. ग्राहकाने महिनाभर रोज आकडे मागितले. पुढच्या कराराच्या वेळी मात्र हप्त्याच्या कलमात ‘पडताळणी पूर्ण’ या शब्दांपुढे सही कोणाची आणि कोणत्या कागदावर, हे ग्राहकाने स्वतःहून लिहून आणलं. तो शेरा खोडला गेला का, असं वर्गात कोणीतरी विचारतंच. नाही गेला.