अभ्यासाचा शीण आणि करपलेले मन

केळापूर तालुक्यातल्या अनेक वस्त्यांमध्ये आज एखादे तरी लेकरू स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दोन-तीन वर्षे अभ्यास चालतो. मग एक दिवस आई म्हणते, "पोरगं दिवसभर पुस्तकासमोर बसते, पण काही वाचत असेल असे वाटत नाही." बाप म्हणतो, "आळस आला असेल." दोघांनाही काळजी असते, पण हा साधा थकवा आहे की दुसरे काही, हे कळत नाही. ते घरच्या घरी कसे ओळखावे, ते या लेखात पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा, बी.ए. झालेली चोवीस वर्षांची मुलगी आहे. पांढरकवड्याच्या अभ्यासिकेत बसून ती एमपीएससीच्या गट-क परीक्षेची तयारी करते. सोबत तलाठी आणि पोलीस भरतीचेही फॉर्म भरलेले आहेत. पहिल्या वर्षी ती रोज आठ तास बसायची आणि सराव परीक्षेत शंभरपैकी साठच्या आसपास गुण पडायचे. तिसऱ्या वर्षी ती बारा तास बसते आणि गुण अठ्ठेचाळीसवर आले आहेत. गुण घसरले म्हणून तिने तास वाढवले. तास वाढले म्हणून झोप पाच तासांवर आली. झोप कमी झाली म्हणून गुण आणखी घसरले. या चक्रात सापडलेल्या माणसाला "अजून जोर लाव" म्हणणे म्हणजे चक्र आणखी जोरात फिरवणे होय.

साधा शीण कसा असतो? दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईचे अंग मोडून येते, पण रात्री गाढ झोप लागली की सकाळी ती पुन्हा उभी राहते. अभ्यासाचा शीणही तसाच असतो. दोन रात्री पुरेशी झोप आणि एक दिवस पूर्ण सुट्टी मिळाली की डोके हलके होते आणि पुस्तक उघडावेसे वाटते. थकलेला बैल सावलीत बसून रवंथ करतो आणि पुन्हा उठतो. पण सतत हाकलेला बैल तासातच बसला, तर चाबकाने उठत नाही.

या दुसऱ्या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. आपण मन करपणे म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तिचे वर्णन करताना तिला आजार म्हटले नाही, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी अवस्था म्हटले. ते वर्णन नोकरीच्या कामापुरते आहे, पण त्यातल्या तीन खुणा लांबलेल्या अभ्यासातही दिसतात. पहिली, विश्रांतीनेही न जाणारा थकवा. दुसरी, कामापासून मन तुटणे: "काय फरक पडतो", "सगळे आधीच ठरलेले असते" असे बोलणे, मित्रांच्या यशाची चीड येणे. तिसरी, आपल्याला काही जमतच नाही ही भावना. तेच पान चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही.

ओळखण्याची सोपी रीत अशी. दोन रात्री सात ते आठ तास झोपा. मधला एक दिवस पुस्तक, मोबाईलवरची लेक्चर आणि परीक्षेच्या गप्पा सगळे बंद ठेवा. तिसऱ्या दिवशी पुस्तक हातात घ्या. वाचावेसे वाटले तर तो शीण होता. पुस्तक पाहूनच छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले आणि असे बरेच आठवडे चालू असेल, तर मन करपत चालले आहे.

मात्र त्याआधी रक्त तपासा. आपल्या विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो, आणि मुलींमध्ये रक्त कमी असणे तर नेहमीचे आहे. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. फक्त वाहक असलेल्या माणसाला सहसा त्रास होत नाही, पण सिकलसेलचा आजार असेल तर थकवा आणि सांधेदुखी येते. थायरॉईडमुळेही थकवा येतो. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. शरीराचा आजार असेल, तर अभ्यास कमी करून तो जाणार नाही.

मन का करपते? कष्टापेक्षा जास्त भार असतो तो शेवट न दिसण्याचा. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला ठरली होती. कोरोनाच्या काळात ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. 14 मार्च 2021 ही तारीखही तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेवटी परीक्षा 21 मार्च 2021 ला झाली. म्हणजे जवळजवळ वर्षभर मुले "आता पंधरा दिवस, आता महिना" म्हणत पूर्ण जोराने पळत राहिली. तारीख आपल्या हातात नसते. पण किती जोराने पळायचे, हे आपल्या हातात असते.

आता त्या मुलीचा भार कसा उतरवायचा ते पाहू. पहिले तीन दिवस अभ्यास पूर्ण बंद. या दिवसांत झोप, घरचे थोडे काम आणि सकाळ-संध्याकाळ पायी फिरणे. मग तीन फॉर्मपैकी एकच परीक्षा पुढे ठेवायची, बाकीची पुस्तके पेटीत. चौथ्या दिवसापासून फक्त चार तास: दोन सकाळी, दोन संध्याकाळी; पन्नास मिनिटे वाचन आणि दहा मिनिटे उठून फिरणे. पहिला आठवडा नवीन काही नाही, फक्त आधी वाचलेले आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका. सराव परीक्षा आठवड्यातून चार होत्या, आता एक. त्यानंतर दर आठवड्याला अर्धा तास वाढवायचा. झोप मोडू लागली किंवा चुका वाढल्या, तर अर्धा तास मागे यायचे. सहा-सात तासांवर गुण सुधारत असतील, तर बारा तासांकडे परत जाण्याची गरज नाही.

यात हार नाही. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आठवा. चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि मार्ग सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले. तो आधी वीणा वाजवायचा, म्हणून भगवंतांनी त्याला तारांची आठवण दिली: फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल असली तरीही नाही. भगवंतांनी त्याला सोडायला सांगितले नाही, ताण नीट करायला सांगितले.

घरच्यांनीही एक करावे. निकालाची चौकशी रोज करू नये. मुलाशी बसून किती वर्षे प्रयत्न करायचा आणि सोबत कोणते काम धरायचे, हे एकदाच ठरवावे. शेवट दिसला की भार निम्मा होतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. करपलेले मन अभ्यासापासून दूर गेले की सहसा थोडे मोकळे होते. पण जेवण, मित्र, जयंतीची मिरवणूक, कशातच जीव लागत नसेल आणि हे दोन आठवडे टिकले, तर ते नैराश्य असू शकते. त्याला डॉक्टर हवा. "मी नसतो तर बरे झाले असते" असे कुणी बोलले तर दोन आठवडेही थांबू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या किंवा 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.