वरणाचं पाणी नको, घट्ट वरण द्या

पोरींनो, आणि बाळाच्या बापांनो, तुम्हीही बसा. सहा महिने पुरे झाले की बाळाला दुधाबरोबर घास लागतो. आपल्याकडे, साताऱ्यात काय नि सांगलीत काय, पहिला घास म्हणून वरणाचं पाणी आणि भाताची पेज देतात. पचायला हलकं, असं म्हणतात. माझा पहिला कानमंत्र तिथेच आहे: वरचं पाणी ओतून द्या आणि खालचा गाळ बाळाला द्या.

कारण साधं आहे. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. ते पाण्यानं भरलं की बाळ तृप्त दिसतं, झोपतं, आणि वजनाचा काटा मात्र हलत नाही. डाळीतलं बळ डाळीत असतं, पाण्यात थोडंच उतरतं. म्हणून चमचा तिरका करून बघा. घास पाण्यासारखा गळून पडला तर तो पातळ. चमच्याला धरून राहून हळूच घसरला तर बरोबर.

आठ महिन्यांच्या बाळाचं एक जेवण सांगते. मऊ शिजलेला भात दोन मोठे चमचे, घोटलेलं घट्ट मूगवरण एक मोठा चमचा, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा किंवा पालक एक चमचा आणि वरून घरचं तूप अर्धा चहाचा चमचा. पाव लिटरच्या वाटीत हे पाव भागाच्या आसपास भरतं. दिवसातून दोन-तीन वेळा एवढं, आणि आईचं दूध पहिल्यासारखंच. सहाव्या महिन्यानंतर सुरुवात मात्र दोन-तीन चमच्यांनीच करा आणि हळूहळू वाढवा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, मध्ये एक-दोन वेळा केळं, उकडलेलं रताळं असं काही.

घट्ट घास बाळाला गिळवत नसेल तर पाणी घालू नका. त्यावर नाचणीचं मोड आणलेलं पीठ आहे. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत मोड आले की उन्हात खडखडीत वाळवा, चोळून मोड झाडा, तव्यावर अगदी मंद गरम करून दळा. घट्ट शिजवलेली खीर कोमट झाली की त्यात चहाचा एक चमचा पीठ ढवळा. थोड्या वेळात खीर पातळ होते, पण अन्न तेवढंच राहतं. उकळत्या खिरीत घातलं तर गुण येत नाही. खीर पातळ झाली की पुन्हा एक उकळी आणा, म्हणजे पिठातले जंतू मरतील. हे फक्त नाचणीचंच करा. शाळूच्या कोवळ्या मोडांत विषारी अंश असतो. आणि नाचणीचं पीठ गाळून नुसतं सत्त्व देऊ नका, गाळण्यात पुष्कळ चांगलं निघून जातं.

दहावा महिना लागायच्या आत मिक्सर बाजूला ठेवा. माण, खटाव, जतच्या घरांत शाळूची भाकरी रोज होतेच. तिचा कडक पापुद्रा काढून आतला मऊ भाग घट्ट आमटीत कुस्करा, थोड्या बारीक गुठळ्या राहू द्या. हे उशिरा सुरू केलं की पोर पुढं चावायला कंटाळतं. भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट त्यात कालवता येतं. अख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष, बेदाणा मात्र हातात देऊ नका, घशात अडकतो.

आईकडून आलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. म्हणून घट्ट वरणानंतर पुढचा घास पूर्ण शिजलेल्या अंड्याचा, खात असाल तर कोंबडी-मासळीचा. न खाणाऱ्यांनी कोरेगावचा घेवडा मऊ शिजवून सालं काढून घोटावा आणि वर लिंबाचे चार थेंब पिळावेत, लोह अंगी लागतं. चहात बुडवलेलं बिस्किट बंद करा. चहा लोह अडवतो आणि बिस्किट भूक मारतं. वर्षभर वेगळं मीठ, साखर, गूळ घालू नका, मध तर नकोच. साधं गाईचं दूध वर्षाच्या आधी मुख्य पेय म्हणून देऊ नका.

ताप-जुलाबात खाणं बंद करायची आपली जुनी सवय आहे, ती मोडा. थोडं थोडं, वारंवार भरवा, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. भरवताना बळजबरी नको. तोंड फिरवलं की थांबा, थोड्या वेळानं पुन्हा विचारा. भरवणाऱ्याचे हात साबणानं धुतलेले हवेत, आणि सकाळी केलेलं उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवून भरवू नका.

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. दोन महिने वजन वाढलं नाही, किंवा बाळ दूध-घास दोन्ही नाकारत असेल, तर घरात ठेवून वाट पाहू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.