वाक्य बदललं, पण देणं-घेणं तेच राहिलं का?

गटाची बैठक संपली की आपण बोललेलं इतिवृत्ताच्या वहीत लिहितो. बोलताना आपण साधं बोलतो, लिहिताना मात्र हात आपोआप सरकारी भाषेकडे वळतो. वाक्य लहान होतं, 'छान' दिसतं. पण त्या वाक्यात कोणी, काय, कोणाला, कधी आणि का केलं हे शाबूत राहिलं का, हे तपासायची एक सोपी रीत या पाठात बघू.

उदाहरण म्हणून एक गट धरा. दर मंगळवारी बैठक. २२ जुलैच्या बैठकीत कोषाध्यक्ष मंगलताई सांगतात, "मागच्या मंगळवारी शोभाताई नातीला घेऊन दवाखान्यात होत्या. म्हणून त्यांच्या हप्त्याचे ५०० रुपये मी माझ्याजवळचे भरले. पुढच्या मंगळवारी त्या मला देणार आहेत." सगळ्या माना डोलावतात. सचिव वहीत लिहितात:

"मागील बैठकीत दवाखान्यामुळे शोभाताईंचा हप्ता भरण्यात आला असून मंगलताईंना ५०० रुपये द्यायचे आहेत."

वाचायला काही चुकीचं वाटत नाही ना? कारण आपण आत्ताच मूळ बोलणं ऐकलंय. आपलं डोकं गाळलेलं सगळं स्वतःच भरून घेतं. म्हणून तपासणीचा पहिला नियम असा की जिने लिहिलं तिने एकटीने तपासायचं नाही. त्या दिवशी बैठकीला नसलेल्या एखाद्या ताईला ते वाक्य वाचून दाखवायचं, आणि पाच प्रश्न विचारायचे.

पण त्याआधी एक काम. मूळ बोलण्यातून पाचही उत्तरं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची, नाहीतर तुलना कशाशी करणार? आपल्या उदाहरणात ती अशी: पैसे भरले मंगलताईंनी. काय भरलं, तर शोभाताईंच्या हप्त्याचे ५०० रुपये, आणि ते गटाकडे भरले. कधी, तर १५ जुलैला. का, तर शोभाताई नातीसोबत दवाखान्यात होत्या. दुसरी गोष्ट परतफेडीची: २९ जुलैला शोभाताई मंगलताईंना ५०० रुपये देणार. म्हणजे एका बोलण्यात दोन व्यवहार आहेत. प्रत्येक व्यवहाराला पाच प्रश्न वेगळे विचारावे लागतात. हे बऱ्याचदा सुटतं.

आता वहीतलं वाक्य बैठकीला नसलेल्या ताईसमोर ठेवा. हप्ता कोणी भरला? "कळत नाही." दवाखान्यात कोण होतं? "शोभाताईच आजारी असतील." कधी? "मागच्या बैठकीत, पण कुठल्या तारखेच्या?" आणि ५०० रुपये कोणी कोणाला द्यायचे? इथे खरी गंमत होते. एक ताई म्हणेल, मंगलताईंना द्यायचे आहेत, म्हणजे मंगलताईंकडे गटाची बाकी आहे. दुसरी म्हणेल, नाही, मंगलताईंना कोणीतरी द्यायचे आहेत. तिसरी म्हणेल, वही गटाची आहे, तर गटानेच मंगलताईंना द्यायचे असतील. तिघी मराठी बरोबरच वाचताहेत. "मला पैसे द्यायचेत" हे आपण दोन्ही अर्थांनी म्हणतो, मी कोणाला तरी देणं लागते तेव्हा, आणि कोणी मला देणं लागतं तेव्हाही. तोंडी बोलताना प्रसंगावरून कळतं. सहा महिन्यांनी वहीतून कळत नाही. ज्या बाईने अडचणीत दुसरीचा हप्ता भरला, तीच कागदावर थकबाकीदार दिसू शकते.

उत्तरं मिळाली की कोपऱ्यातल्या उत्तरांशी ताडून बघा. उत्तर तेच आलं तर ठीक. "कळत नाही" आलं तर माहिती गळली आहे. वेगळंच उत्तर आलं, किंवा दोघींनी दोन उत्तरं दिली, तर माहिती फिरली आहे. माझ्या मते गळण्यापेक्षा फिरणं जास्त वाईट. गळलेलं माणूस विचारून घेतं, फिरलेलं मात्र खरं समजून पुढे चालतं.

मग वाक्य कुठे बिघडलं? पहिली जागा म्हणजे "भरण्यात आला". "देण्यात आले", "ठरवण्यात आले" असं लिहिलं की करणारी व्यक्ती वाक्यातून निघून जाते. सगळीकडे हे टाळा असं मी म्हणणार नाही. "बैठक ११ वाजता सुरू करण्यात आली" यात कोणाचं काही अडत नाही. पण पैसा हलला असेल तिथे "मंगलताईंनी भरले" असंच लिहायचं. "कर्ज देण्यात आले" यात तर गटाने बचतीतून दिलं, ग्रामसंघाने दिलं की बँकेने, हेच कळत नाही. आणि परतफेड कोणाकडे करायची ते त्यावरच ठरतं.

दुसरी जागा "मंगलताईंना द्यायचे आहेत" ही आपण पाहिली. इलाज इतकाच की देणारीचं नाव आधी लिहायचं आणि "देणार आहेत" म्हणायचं. तिसरी जागा "मागील". तिथे तारीख टाकायची.

आता सुधारलेलं:

"दि. १५ जुलैच्या बैठकीस शोभाताई नातीला दवाखान्यात नेल्यामुळे येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या हप्त्याचे ५०० रुपये त्या दिवशी मंगलताईंनी स्वतःजवळचे गटाकडे भरले. ही रक्कम शोभाताई मंगलताईंना २९ जुलै रोजी परत देणार आहेत."

एकाची तीन वाक्यं झाली. होऊ द्या. पुन्हा पाच प्रश्न विचारा, आणि शक्यतो नव्या ताईला, कारण पहिलीला आता गोष्ट माहीत झाली आहे. यावेळी हेही कळेल की शोभाताईंचा हप्ता गटात जमा आहे, उरलेलं देणं दोघींमधलं आहे.

या पाच प्रश्नांत सगळं सापडत नाही, तेही लक्षात ठेवा. "सुमनताईंना कर्ज द्यायचं ठरलं" याचं "सुमनताईंना कर्ज दिले" झालं, तर नावं, रक्कम, कारण सगळं जुळेल, पण पैसे अजून पेटीतच असतील. तसंच "आधीचं फेडलं तर देऊ" यातला "तर" गळू शकतो. म्हणून शेवटी एक जास्तीचा प्रश्न: हे झालंय, होणार आहे, की अटीवर आहे? आणि मूळ बोलण्यातच एखादं उत्तर नसेल, तर आपल्या अंदाजाने भरू नका. बोलणारीलाच विचारा.

पुढच्या बैठकीत सरावासाठी हे घ्या. सचिव म्हणाल्या होत्या, "सोमवारी मी भाचीच्या लग्नाला गेले होते, म्हणून आशाताईंना बँकेत पाठवलं. त्यांनी बचतीचे २,००० रुपये गटाच्या खात्यात भरले." वहीत लिहिलं गेलं: "परवा लग्नामुळे आशाताईंना सांगून त्यांनी बँकेत २,००० रुपये भरले." हे दुसरं वाक्य मूळ बोलणं न ऐकलेल्या दोघींना वेगवेगळं वाचून दाखवा, आणि कुठल्या प्रश्नांवर दोघींची उत्तरं जुळली नाहीत ते लिहून आणा. "परवा" म्हणजे नेमका कुठला दिवस, तेही विचारायला विसरू नका.