दोन ओळींचा मथळा

गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा आणि भातशेतीचा प्रदेश आहे. महाराष्ट्रात आता दुर्मीळ झालेला सारस पक्षी येथील धानाच्या बांध्यांत आणि पाणथळ जागी आढळतो. पक्षिप्रेमी माणसे व वनखाते मिळून त्याची गणना करतात.

समजा, अशा एका गणनेची बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत आली. गेल्या वर्षी ३४ सारस मोजले होते. यंदा ३१ दिसले. मात्र पावसामुळे चार तळ्यांवर गणक पोहोचू शकले नाहीत. आता उपसंपादकाला मथळा द्यावयाचा आहे. जागा एकाच स्तंभाची, म्हणजे दोन ओळींची. प्रत्येक ओळीत बाराच अक्षरे मावतात. जोडाक्षर एकच मोजावयाचे; दोन शब्दांमधील मोकळी जागाही एक अक्षर धरावयाची.

पहिला मथळा असा सुचला : ‘गोंदिया जिल्ह्यातील सारस पक्ष्यांच्या गणनेबाबतची माहिती प्रसिद्ध’. ही झाली बत्तीस अक्षरे! शिवाय गणनेत काय आढळले, हे त्यात नाहीच.

दुसरा मथळा : ‘शेतकऱ्यांमुळे / सारस संपले!’ हा जागेत नेमका बसतो आणि वाचकाचे लक्षही वेधतो. परंतु सारस संपलेले नाहीत आणि शेतकऱ्यांचा दोष बातमीत कोठेच सांगितलेला नाही. पुष्कळ लोक केवळ मथळा वाचून पान उलटतात. ज्यांच्या बांध्यांत सारस घरटे करतो, त्यांच्यावरच असा वाचक विनाकारण ठपका ठेवील.

तिसरा मथळा : ‘सारस घटले’. हा साधा व खरा वाटतो; पण चार तळी मोजल्यावाचून सारस घटले असे कसे म्हणावे? ‘कमी दिसले’ आणि ‘कमी झाले’ यांत मोठे अंतर आहे.

अखेर मथळा ठरला :

३१ सारस दिसले;
४ तळी मोजणे बाकी

‘आढळून आल्याचे निदर्शनास आले’ या लांब शब्दांचे काम ‘दिसले’ या एका क्रियापदाने केले. पान गोंदिया जिल्ह्याचेच असल्यामुळे जिल्ह्याचे नाव गाळले तरी चालले. चार तळ्यांची गोष्ट मात्र गाळता आली नाही. कारण ती गाळली असती, तर अर्थच बदलला असता. बातमी झाकून केवळ मथळा वाचावा. वाचकाची समजूत बातमीशी जुळली, तर मथळा खरा.

आता समजा, दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. गणकांनी राहिलेली चार तळी पाहिली. तेथे आणखी तीन सारस दिसले. बेरीज झाली ३४, म्हणजे गतवर्षीइतकीच!

स्वाध्याय
१. दुसरा व तिसरा मथळा छापला असता, तर प्रत्येकात कोणती चूक झाली असती?
२. दुसऱ्या दिवशीच्या बातमीला बारा-बारा अक्षरांच्या दोन ओळींत मथळा द्या.