सभेचे इतिवृत्त कसे लिहावे : एक ठराव, पहिल्यापासून शेवटपर्यंत

ताईंनो, लावणीची घाई संपली की आपल्या मुळशीत सभांचा हंगाम सुरू होतो. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभा होते, चहा होतो, आणि वहीत एकच ओळ उरते : "भात गिरणीवर चर्चा झाली व सर्वानुमते मंजूर." पुढे बँक ठरावाची नक्कल मागते. गिरणी केवढ्याची, कर्ज किती, सही कोणाची, यातले काहीच त्या ओळीत सापडत नाही. शिवाय विरोध करणाऱ्या बायका म्हणतात, "आम्ही तर हात वर केलाच नव्हता!"

म्हणून आज एकच विषय नीट लिहून पाहू. समजा, आपल्या महिला संस्थेच्या ६४ सभासद आहेत. हजेरीपत्रकावर ४१ सह्या झाल्या. अजेंड्यावर विषय क्र. ४ आहे : भात गिरणी खरेदी.

सुरुवातीला सभेची तारीख, वार, वेळ, ठिकाण, अध्यक्ष कोण, हजर किती, हे लिहा. उपविधीप्रमाणे गणपूर्ती (कोरम) किती लागते आणि ती झाली का, तेही लिहा. त्यानंतर अजेंड्याच्या क्रमानेच विषय घ्या. नोटिशीत विषयाचे जे शब्द होते तेच वहीत उतरवा.

आता चर्चा. कोण काय बोलली ते सगळे लिहायचे नाही. निर्णय ज्या मुद्द्यांवर फिरला, तेवढेच दोन-तीन ओळींत लिहा. आपल्या सभेत सूचना आली, की १,८०,००० रुपयांची गिरणी संस्थेच्या यंत्र निधीतून घ्यावी. एका ताईने दुरुस्ती सुचवली : निधीतून ६०,००० च द्यावेत, बाकीचे कर्ज काढावे, नाहीतर निधी रिकामा होईल. दुरुस्ती आली की आधी दुरुस्तीवर मत घ्यायचे. ती मंजूर झाली, तर दुरुस्तीसह पूर्ण ठरावावर पुन्हा मत घ्यायचे. नेमकी इथेच वहीत गफलत होते. दोन्ही मतदानांचे आकडे वेगवेगळे लिहा.

शेवटची नोंद अशी दिसेल :

विषय क्र. ४ : भात गिरणी खरेदीस मंजुरी देणे.
ठराव क्र. ४ : १,८०,००० रुपयांपर्यंतची भात गिरणी खरेदी करावी. त्यापैकी ६०,००० रुपये यंत्र निधीतून व १,२०,००० रुपये बँक कर्जातून उभे करावेत. कर्जाच्या कागदांवर अध्यक्ष व सचिव यांनी सह्या कराव्यात. तीन दरपत्रके घेऊनच खरेदी करावी.
सूचक : (पूर्ण नाव, सभासद क्र.)
अनुमोदक : (पूर्ण नाव, सभासद क्र.)
मतदान : बाजूने २४, विरोधात ९, तटस्थ ५. एकूण ३८.
निकाल : बहुमताने मंजूर.

सह्या ४१ आणि मते ३८, हे कसे? तिघी दूध काढायला घरी गेल्या. मतदानाच्या वेळी जितक्या हजर होत्या, तितकीच बेरीज यायला हवी. म्हणून हात मोजण्याआधी डोकी मोजा आणि "मतदानावेळी हजर ३८" असे लिहून ठेवा. बेरीज जुळली नाही तर तिथेच पुन्हा हात मोजा, घरी येऊन आकडा जुळवू नका. बायका उठून जाऊन गणपूर्तीच राहत नसेल, तर तेही पाहा.

तटस्थ पाचांपैकी एकीच्या पडवीत गिरणी भाड्याने बसवायची होती. आपला फायदा असलेल्या विषयावर ती मतदानातून बाजूला राहिली. ते कारणही एका ओळीत लिहा, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवणार नाही.

"सर्वानुमते" हा शब्द एकही विरोध नसेल तेव्हाच वापरा. ९ जणींचा विरोध असताना तो लिहिणे म्हणजे खोटी नोंद. विरोध करणारी म्हणाली, "माझे नाव लिहा," तर लिहा. मते समसमान पडली, तर सहकार कायद्याप्रमाणे अध्यक्षांना निर्णायक मत असते. ते दिले, तर वेगळे दाखवा.

"ऐनवेळचे विषय" खाली गिरणीसारखा मोठा खर्च घेऊ नका. जी त्या दिवशी आली नाही, तिला हा विषय येणार हे कळलेलेच नसते.

लिहिताना चूक झाली तर एका रेघेने खोडा आणि बाजूला सही करा. पांढरी शाई लावू नका, पान फाडू नका. पानांना क्रमांक द्या, रिकामी जागा तिरक्या रेघेने बंद करा. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम होते. चूक तेव्हा लक्षात आली, तर दुरुस्ती त्या सभेच्या इतिवृत्तात लिहायची, जुन्या पानावर नाही.

ठराव मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच हात वर करायला सांगा. जे वाचले तेच वहीत आले पाहिजे.