उशीर झाला? साहेबांना चार ओळी लिहा

तायांनो, ठाकुरवाडीतल्या काही जणी खोपोलीकडे कंपनीत जातात. पावसात ओढा चढला आणि पळसदरीची लोकल चुकली, की पुढचीपर्यंत ताटकळायचं. तोंडी सांगितलेलं साहेब विसरतात, हजेरीवर ‘लेट’ मात्र राहतो. म्हणून त्याच दिवशी लिहून द्या. असं :

मा. व्यवस्थापक साहेब यांस,
विषय : दि. ८ जुलै रोजी उशिरा आल्याबाबत.
आज माझी ड्युटी सकाळी ८ ची होती. मी ८.५० ला आले. वाडीच्या ओढ्याचं पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं, त्यामुळे लोकल चुकली. मी फोन केला नाही, ही माझी चूक. यंदा ही पहिलीच वेळ आहे. यापुढे पावसाळ्यात आधीची लोकल धरीन आणि अडकले तर ८ च्या आधी सुपरवायझरना फोन करीन.
आपली विश्वासू,
(सही, नाव, हजेरी क्रमांक)

‘पोर आजारी होतं’ असं लिहू नका. डॉक्टरची चिठ्ठी मागितली तर कुठून आणणार? शिवाय वाडीतली दुसरी कुणी खरं सांगून मोकळी होते. ‘पहिलीच वेळ’ हेही खरं असेल तरच लिहा, कारण साहेब हजेरी काढून बघतात. ‘पुन्हा कधीच उशीर होणार नाही’ हे नको. ओढा काय आपलं ऐकतो? आधीची लोकल धरणं तेवढं जमतं.

दोन प्रती करा, एकीवर ‘मिळाली’ म्हणून सही-तारीख घ्या. कायद्याने उशिराचा पगार गेलेल्या वेळेपुरताच कापता येतो. ५० मिनिटांसाठी अर्धा दिवस कापलेला दिसला, तर तीच प्रत घेऊन विचारा.