तीनवर एक फ्री

चि. सायली,


गावी न्यायचे शर्ट घ्यायला तू राईला, ॲव्हेन्यूजमध्ये जाणार आहेस असं ताईनं सांगितलं. एका दुकानात तीनवर एक फ्री आहे आणि दुसऱ्यात सरसकट २० टक्के सूट. दोन्हीकडे शर्ट ४ दिनारचाच, मग कुठे घेऊ, असं तू विचारलंस.

आधी तुला नेमके किती हवेत ते ठरव. चार हवे असतील तर पहिलं दुकान स्वस्त. १२ दिनारात चार, म्हणजे नग ३ दिनारला पडला, २५ टक्के सूट झाली. दुसरीकडे तोच ३ दिनार २०० फिल्सला पडेल. पाच घेतलेस तर दोन्हीकडे १६ दिनारच होतात. सहाला मात्र पहिल्याकडे २० दिनार जातील आणि दुसऱ्याकडे १९ दिनार २०० फिल्स. पुढे आठ झाले की पुन्हा पहिलं दुकान पुढे. इथे कुवेतमध्ये व्हॅट नाही, त्यामुळे हा हिशेब बिलात जसाच्या तसा उतरतो.

आणि तीनच हवे असतील तर? पहिल्या दुकानात १२ दिनार जातील, दुसऱ्यात ९ दिनार ६०० फिल्स. म्हणजे तो 'फ्री' शर्ट तुला २ दिनार ४०० फिल्सला पडला. तेवढ्याला तू तो मुद्दाम विकत घेतला असतास का, एवढंच स्वतःला विचार. उत्तर नाही असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

खरी मेख वेगवेगळ्या किमतींचे कपडे एकत्र घेताना असते. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सर्वांत कमी किमतीचा नग मोफत. समज, ६ दिनारचे चार शर्ट घेतलेस आणि पोरांसाठी २ दिनारचे चार टी-शर्ट. एकूण ३२ दिनार. सगळं एकाच बिलात घातलंस तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांत स्वस्त दोन नग, म्हणजे दोन टी-शर्ट सुटतील. वाचले फक्त ४ दिनार, साडेबारा टक्के. सरसकट २० टक्क्यांत ६ दिनार ४०० फिल्स वाचले असते! पण शर्टांचं बिल वेगळं आणि टी-शर्टांचं वेगळं केलंस तर एका बिलात ६ दिनारचा शर्ट सुटतो, दुसऱ्यात २ दिनारचा टी-शर्ट. एकूण ८ दिनार वाचले. माल तोच, दुकान तेच. म्हणून काउंटरवर महागाचा ढीग एकीकडे आणि स्वस्ताचा दुसरीकडे ठेव आणि दोन बिलं करायला सांग. त्यात संकोच कसला? काही दुकानं एका गिऱ्हाइकाला एकदाच ऑफर देतात, तेवढं आधी विचारून घे.

साइजची शंका असेल तरी आधीच विचार. चारातला एक परत केला तर ऑफर मोडते आणि काही ठिकाणी उरलेले तीन पूर्ण भावानं धरतात. मग त्या शर्टाचा एक फिल्सही परत मिळत नाही. भाऊजींच्या कॉलरचं माप ताईकडून आजच मागवून घे.

तुझा,
मामा